फोरकास्ट चुकतो, मग सेफ्टी स्टॉक किती ठेवायचा? बायस, मेप आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्ट्रिब्युशन, स्टोअर्स, परचेसमध्ये काम करणाऱ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय म्हणजे आकडे हातात राहतील. समजा नाशिकचा एक डिस्ट्रिब्युटर आहे, कपडे धुण्याच्या एका साबणाच्या पेट्या तो दर आठवड्याला दुकानांत विकतो, दर सोमवारी कंपनीला ऑर्डर टाकतो आणि माल यायला ३ आठवडे लागतात. मागच्या ८ आठवड्यांचा हिशोब असा:

| आठवडा | फोरकास्ट | खरी विक्री | चूक |
|---|---|---|---|
| १ | १०० | ११२ | +१२ |
| २ | १०० | ९६ | −४ |
| ३ | ११० | १२८ | +१८ |
| ४ | ११० | १२१ | +११ |
| ५ | १२० | ११५ | −५ |
| ६ | १२० | १४२ | +२२ |
| ७ | ११० | ११८ | +८ |
| ८ | ११० | १२८ | +१८ |

चूक म्हणजे खरी विक्री वजा फोरकास्ट. काही ऑफिसांत उलटं करतात, फोरकास्ट वजा विक्री, तेही चालतं, पण शीटच्या डोक्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर अधिक-उण्यावरून मीटिंगमध्ये नुसती वादावादी होते.

बायस आणि मेप यात नेमका फरक काय? दोन्ही चूकच मोजतात ना?

मोजतात चूकच, पण प्रश्न वेगवेगळे विचारतात. बायस विचारतो की आपण नेहमी एकाच बाजूला चुकतोय का. त्यासाठी चुका चिन्हासकट मिळवायच्या आणि सरासरी काढायची. वरच्या टेबलात बेरीज येते +८०, भागिले ८, म्हणजे बायस +१०. सरळ भाषेत, आपण दर आठवड्याला सरासरी १० पेट्या कमी धरतोय.

मेप म्हणजे दर आठवड्याची चूक खऱ्या विक्रीच्या किती टक्के होती, चिन्ह सोडून, आणि मग त्या टक्क्यांची सरासरी. इथे ती ९.८ टक्के येते. आता हा आकडा एकटा बघितला तर कुठलाही मॅनेजर खूश होईल, दहा टक्क्यांच्या आत आहे म्हणेल. पण ८ पैकी ६ आठवडे आपण कमीच धरलं होतं हे त्या ९.८ मध्ये कुठेच दिसत नाही, आणि गोडाऊन रिकामं होतं ते नेमकं त्यामुळेच.

मग सेफ्टी स्टॉकच्या सूत्रात मेप टाकायचा का? आमच्याकडे फोरकास्ट गुणिले मेप एवढा सेफ्टी स्टॉक ठेवतात.

हे खूप ठिकाणी चालतं पण बरोबर नाही. सेफ्टी स्टॉकला टक्के नको असतात, पेट्या हव्या असतात, आणि त्यातही सरासरी चूक नको तर चुकांचा पसारा हवा असतो, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. चुका आपल्याच सरासरीभोवती किती पसरल्यात ते. आपल्या उदाहरणात तो जवळपास १० पेट्या येतो.

आता संरक्षण किती दिवसांसाठी हवंय ते बघा. माल यायला ३ आठवडे आणि ऑर्डर आठवड्यातून एकदाच, म्हणजे आज टाकलेल्या ऑर्डरने पुढचे ४ आठवडे निभावायचेत. नुसता लीड टाइम धरून तो जास्तीचा आठवडा विसरणारे खूप आहेत. ४ चं वर्गमूळ २. सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के हवी असेल तर झेड, म्हणजे नॉर्मल वितरणावरून त्या टक्क्यांसाठी येणारा गुणक, १.६४५. म्हणजे १.६४५ गुणिले १० गुणिले २, उत्तर ३३ पेट्या.

आणि फोरकास्ट गुणिले मेप केलं तर येतात साधारण ११ पेट्या, ज्यात ना लीड टाइम आहे ना सर्व्हिस लेव्हल, त्यामुळे तो आकडा कशाचंच संरक्षण करत नाही.

९५ टक्क्यांचा अर्थही इथेच सांगून टाकतो. १०० ऑर्डर सायकलपैकी ९५ मध्ये माल संपणार नाही, एवढाच. दुकानदारांच्या मागणीपैकी ९५ टक्के माल पोचेल असा त्याचा अर्थ होत नाही, ते फिल रेट झालं, त्याचं सूत्र वेगळं आहे.

आमच्या जुन्या शीटमध्ये १.२५ गुणिले मॅड असं लिहिलंय. ते कुठून आलं?

मॅड म्हणजे चिन्ह सोडून चुकांची सरासरी, आपल्याकडे ९८ भागिले ८, म्हणजे १२.२५ पेट्या. चुका नॉर्मल वितरणाच्या असतील तर स्टँडर्ड डेव्हिएशन मॅडच्या साधारण १.२५ पट असतं, म्हणून तो गुणक. हाताने आकडेमोड व्हायची त्या काळात वर्ग आणि वर्गमूळं काढण्यापेक्षा हे खूप सोपं होतं, म्हणून रूढ झालं आणि अजूनही बऱ्याच जुन्या सिस्टिममध्ये आहे.

पण यात एक अट दडलेली आहे की बायस शून्य असला पाहिजे. आपल्या टेबलावर थेट लावून बघा, १.२५ गुणिले १२.२५ म्हणजे १५.३ येतात, खरा पसारा तर १० आहे. आता प्रत्येक चुकीतून बायसचे १० वजा करा, मग मॅड काढा, ती येते ७.७५, तिला १.२५ ने गुणा, ९.७. आलं की नाही जाग्यावर. गुणकात काही खोट नाही, बायस काढायचा राहिला होता.

बायस आहे तर सेफ्टी स्टॉक थोडा वाढवून टाकला की झालं ना?

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

बायस सेफ्टी स्टॉकमध्ये ओतायचा एक रूढ मार्ग म्हणजे पसाऱ्याऐवजी आरएमएसई वापरायचा, म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ. यात बायस आणि पसारा दोन्ही मिसळलेले असतात. आपल्याकडे तो येतो १३.७. त्यावरून सेफ्टी स्टॉक १.६४५ गुणिले १३.७ गुणिले २, म्हणजे ४५ पेट्या. ३३ च्या जागी ४५ ठेवल्या, वाटतं की आता सुरक्षित झालो.

आता ४ आठवड्यांचा हिशोब मांडा. फोरकास्ट आठवड्याला ११० धरला तर ४४०, त्यात ४५ मिळवले, म्हणजे हातातला आणि रस्त्यातला मिळून ४८५ पेट्यांपर्यंत माल भरणार. पण खरी मागणी आठवड्याला सरासरी १२० आहे, ४ आठवड्यांत ४८०, आणि तिचा ४ आठवड्यांचा पसारा २०. म्हणजे गरजेच्या सरासरीपेक्षा फक्त ५ पेट्या जास्त आहेत. ५ भागिले २०, झेड झाला ०.२५, आणि सर्व्हिस लेव्हल ९५ ऐवजी साधारण ६० टक्के. बायसकडे दुर्लक्ष करून नुसत्या ३३ पेट्या ठेवल्या असत्या तर ४७३ झाले असते, म्हणजे सरासरी गरजेच्याही खाली, सर्व्हिस लेव्हल ३६ टक्के.

असं का होतं तर पसारा आठवड्यांच्या वर्गमूळाने वाढतो, कारण एका आठवड्याची अधिक चूक दुसऱ्याच्या उण्या चुकीने थोडीफार भरून निघते. बायस मात्र भरून निघत नाही, तो दर आठवड्याला त्याच दिशेने साचतो, ४ आठवड्यांत १० गुणिले ४, पूर्ण ४०. वर्गमूळ घेऊन तुम्ही त्याला अर्ध्यावर आणलंत, पण बाजारात तो अर्धा होत नाही. लीड टाइम जितका लांब तितकी ही फट मोठी. आयात मालाला ९-१० आठवडे लागतात तिथे तर सेफ्टी स्टॉक कितीही फुगवला तरी पुरत नाही, आणि लोक म्हणतात सूत्रच चुकीचं आहे.

बरोबर रस्ता असा की आधी फोरकास्ट १२० वर आणा, मग पसाऱ्यावरून ३३ पेट्या ठेवा. ४८० अधिक ३३, एकूण ५१३. मग खरोखर ९५ टक्के मिळतात.

उलट झालं तर? म्हणजे फोरकास्ट कायम जास्त असेल तर?

तर माल संपत नाही म्हणून कुणी तक्रारच करत नाही, आणि हा बायस वर्षानुवर्षं तसाच राहतो. समजा फोरकास्ट ११० आणि खरी विक्री १००. ४ आठवड्यांत ४० पेट्या उगाच धरल्या, त्यावर ३३ चा सेफ्टी स्टॉक, म्हणजे खरा सेफ्टी स्टॉक झाला ७३ आणि कागदावर ३३ च दिसतोय. त्यात कुणी आरएमएसई वापरला तर त्याने आणखी वाढवला, म्हणजे जास्त फोरकास्ट करण्याची शिक्षा म्हणून आणखी जास्त माल! साबणाला चालून जाईल, पण दही, ब्रेड किंवा एक्सपायरी असलेली औषधं असतील तर हा थेट तोटा आहे.

बायस खरा आहे की योगायोग, हे कसं ओळखायचं? ८ आठवडे म्हणजे काहीच नाही.

रास्त शंका आहे. दोन तपासण्या करा.

पहिली ट्रॅकिंग सिग्नल. चुकांची चिन्हासकट बेरीज भागिले मॅड. आपल्याकडे ८० भागिले १२.२५, साधारण ६.५. रूढ मर्यादा उणे ४ ते अधिक ४ अशी धरतात, काही जण सैल ठेवतात काही जण घट्ट, पण ६.५ बहुतेक ठिकाणी घंटा वाजवेलच.

दुसरी तपासणी म्हणजे बायसची तुलना त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेशी. पसारा १०, भागिले ८ चं वर्गमूळ, म्हणजे ३.५. बायस १० आहे, म्हणजे त्याच्या जवळपास तिप्पट. दुपटीच्या वर गेला की मी योगायोग मानत नाही. बायस ४ आला असता तर अजून काही आठवडे थांबलो असतो, हात लावला नसता.

आणि मग कारण शोधा, हे टाळू नका. पहिल्या ४ आठवड्यांचा बायस ९.२५, नंतरच्या ४ चा १०.७५. म्हणजे तो फारसा वाढत नाहीये, पातळीच वर सरकलेली दिसते. सिन्नर किंवा दिंडोरीकडची एखादी नवी बीट सुरू झाली आणि फोरकास्टमध्ये धरलीच नाही, असलं काहीतरी असतं. बायस आठवड्यागणिक वाढत असता तर ट्रेंड सुटलाय असं समजायचं, तिथे नुसते १० मिळवून भागत नाही, पुढच्या महिन्यात परत कमी पडतं. आणि तिसरी शक्यता माणसांची असते. सेल्सच्या माणसाचं इन्सेंटिव्ह टार्गेटवर आणि टार्गेट फोरकास्टवर, मग तो फोरकास्ट कमीच देणार, यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही, रचनाच तशी आहे.

मॅनेजमेंटने मेपवर बोनस ठेवलाय. त्याने फोरकास्ट सुधारेल का?

मेप सुधारेल, फोरकास्ट सुधारेलच असं नाही. मेपमध्ये भागायला खरी विक्री असते. फोरकास्ट १५० आणि विक्री १०० झाली तर चूक ५० टक्के. फोरकास्ट १०० आणि विक्री १५० झाली तर चूक ३३ टक्के. दोन्हीकडे ५० पेट्याच चुकल्या पण कमी धरणाऱ्याला सूट मिळाली. शिवाय कमी धरून चूक जास्तीत जास्त १०० टक्के होऊ शकते, जास्त धरून तिला वरची सीमाच नाही. ज्याचा बोनस यावर आहे तो हळूहळू खाली झुकतो, मुद्दाम नसेल तरी. म्हणजे ज्या बायसमुळे माल संपतो तोच बायस तुम्ही बक्षीस देऊन वाढवताय.

हळू विकणाऱ्या मालात तर मेप बघूच नका. २ विकले आणि ४ धरले होते, झाली १०० टक्के चूक, दोन नगांसाठी. एखाद्या आठवड्यात विक्री शून्य असेल तर भागाकारच होत नाही. वेटेड मेप घ्या, म्हणजे सगळ्या चुकांची बेरीज भागिले सगळी विक्री, आपल्याकडे ९८ भागिले ९६०, १०.२ टक्के. आणि त्याच्या शेजारी बायसचा कॉलम नक्की ठेवा, दोन्हीवर मिळून मार्क द्या.

दोन आयटमची सरासरी चूक सारखीच असेल तर सेफ्टी स्टॉकही सारखाच ना?

नाही. आपल्याच टेबलातल्या चुका घ्या आणि तिसऱ्या, सातव्या, आठव्या आठवड्याचं चिन्ह उलटं करा. मॅड तीच, १२.२५. पण बायस आता उणे १, म्हणजे जवळपास नाहीच, आणि पसारा १४.६. या दुसऱ्या आयटमला सेफ्टी स्टॉक ४८ पेट्या लागतो आणि तो सहजासहजी कमी होत नाही, कारण चूक खरोखर बेभरवशाची आहे. पहिल्या आयटमला फोरकास्ट सुधारला की ३३ मध्ये काम होतं. सरासरी चूक सारखी पण एकीकडे ती फोन करून, कारण शोधून काढून टाकता येते आणि दुसरीकडे तिच्यासाठी माल भरून ठेवावाच लागतो.

आमचे आकडे छान येतात, तरी माल संपतोच. काय तपासू?

पहिलं, तुम्ही विक्री मोजताय की मागणी? सहाव्या आठवड्यात मागणी १४२ होती पण समजा गोडाऊनमध्ये १३० च होत्या. बिल १३० चंच होणार, चूक २२ ऐवजी १०. मग बायस ८.५ होतो, पसारा ८.८, आणि सेफ्टी स्टॉक ३३ वरून २९ वर उतरतो. म्हणजे माल संपला म्हणून पुढच्या वेळी आणखी कमी माल ठेवा असं शीट सांगतंय! त्यामुळे माल संपलेले आठवडे वेगळ्या रंगात ठेवा, आणि सेल्समन दुकानातून जी ऑर्डर घेऊन येतो तो आकडा मिळत असेल तर बिलाऐवजी तो वापरा.

दुसरं, कुठल्या तारखेचा फोरकास्ट ताडून बघताय? माल यायला ३ आठवडे लागतात, म्हणजे ऑर्डर ज्या फोरकास्टवर टाकली तो किमान ३ आठवड्यांपूर्वीचा होता. बरेच जण आदल्या शुक्रवारी सुधारलेला फोरकास्ट विक्रीशी ताडतात, चूक छोटी दिसते, पण त्या फोरकास्टवर काही खरेदीच झाली नव्हती. दर सोमवारी फोरकास्टची कॉपी तारीख टाकून गोठवून ठेवा, नंतर तिला कुणी हात लावायचा नाही.

तिसरं, महिनाअखेर. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी प्रायमरी बघाल तर शेवटच्या आठवड्यात उसळी दिसते कारण सगळे टार्गेट भरत असतात. चुका फुगतात, सेफ्टी स्टॉक फुगतो, आणि दुकानांत त्यातलं काहीच झालेलं नसतं. दुकानातली सेकंडरी विक्री घ्या.

चौथं, लीड टाइमच हलतोय का? माल कधी अडीच आठवड्यांत, कधी साडेतीनमध्ये येत असेल, म्हणजे लीड टाइमचा पसारा अर्धा आठवडा धरला, तर १२० गुणिले ०.५ म्हणजे ६० पेट्यांची अनिश्चितता नुसत्या ट्रकमुळे आली. फोरकास्टमुळे ४ आठवड्यांत २० होती. दोन्ही वर्ग करून मिळवा, वर्गमूळ घ्या, ६३ येतात, आणि सेफ्टी स्टॉक ३३ वरून १०४ वर जातो. अशा ठिकाणी मेप ९.८ वरून ८ वर आणायला महिने घालवण्यापेक्षा ट्रान्सपोर्टवाल्याशी बसून बोलणं जास्त कामाचं.

हे सगळं एक्सेलमध्ये कसं बसवायचं?

B मध्ये फोरकास्ट, C मध्ये विक्री, D मध्ये चूक, ओळी २ ते ९. अनुक्रमे बायस, पसारा, वेटेड मेप, ट्रॅकिंग सिग्नल आणि सेफ्टी स्टॉक:

```
=AVERAGE(D2:D9)
=STDEV.S(D2:D9)
=SUMPRODUCT(ABS(D2:D9))/SUM(C2:C9)
=SUM(D2:D9)/(SUMPRODUCT(ABS(D2:D9))/8)
=NORM.S.INV(0.95)*STDEV.S(D2:D9)*SQRT(4)
```

STDEV.S स्वतःच सरासरी वजा करतं, म्हणजे बायस आपोआप बाजूला पडतो, म्हणून शेवटची ओळ बायस दुरुस्त केलेल्या फोरकास्टसोबतच वापरायची, नाहीतर वरचे ३६ टक्के तुमच्या नशिबी येतील.

वर्गमूळावर कितपत विसंबायचं? आणि किती दिवसांनी नव्याने मोजायचं?

वर्गमूळ तेव्हाच बरोबर जेव्हा एका आठवड्याच्या चुकीचा दुसऱ्या आठवड्याशी संबंध नसतो. पाऊस लांबला, स्कीम चालू झाली, समोरच्या ब्रँडचा माल बंद पडला, असं काही झालं की सलग आठवडे एकाच बाजूला चुकतात आणि वर्गमूळ कमी सांगतं. सहा महिन्यांचा डेटा असेल तर सरळ ४-४ आठवड्यांच्या एकत्रित चुका काढा आणि त्यांचा पसारा मोजा, मग वर्गमूळाची गरजच नाही. तो आकडा २० पेक्षा बराच मोठा आला तर तोच धरा.

ट्रॅकिंग सिग्नल दर आठवड्याला बघा, सेफ्टी स्टॉक महिन्यातून एकदा बदला, त्याहून जास्त वेळा नको, कारण ८ आठवड्यांच्या डेटावरचा पसारा स्वतःच बराच डळमळीत असतो आणि दर सोमवारी बदललात तर कंपनीला जाणाऱ्या ऑर्डरी उगाच वरखाली होतात. दिवाळीचे आठवडे वेगळे काढून दिवाळीशीच ताडा. आणि फोरकास्टमध्ये बायस दुरुस्त केला की जुन्या चुका तशाच ठेवून पुढे मोजू नका, ट्रॅकिंग सिग्नल शून्यावर आणून त्या आठवड्यापासून नव्याने सुरू करा, नाहीतर तो जुन्या ८० पेट्यांवरून आणखी दोन महिने ओरडत राहतो.